कोऱ्या पत्राचे उत्तर : ‘चांगदेव पासष्टी’ आणि योगसिद्धींचा प्रश्न

प्रस्तावना

योगग्रंथांचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांना एक अडचण हमखास येते. पतंजलींच्या योगसूत्रांतील तिसऱ्या पादाचे नावच ‘विभूतिपाद’ आहे. भूत-भविष्याचे ज्ञान, दुसऱ्याच्या चित्ताचे ज्ञान, अदृश्य होणे, पाण्यावरून चालणे, आकाशगमन, परकायाप्रवेश, अणिमादी सिद्धी अशी मोठी यादी तेथे येते. त्याच पादात या सिद्धी समाधीच्या मार्गातील अडथळे आहेत असेही सांगितले आहे. मग इतक्या तपशिलाने त्यांचे वर्णन करण्याचे कारण काय? आणि वर्णन केल्यावर त्यांच्यामागे लागू नका असे गुरू का सांगतात?

या प्रश्नाचा विचार आपण मराठीतील एका छोट्या ग्रंथाच्या आधारे करणार आहोत. तो ग्रंथ म्हणजे ज्ञानदेवांची ‘चांगदेव पासष्टी’. ६५ ओव्यांचे हे पत्र, परंपरेनुसार, सिद्धींसाठी प्रसिद्ध असलेल्या एका योग्याला लिहिलेले आहे. याच प्रसंगाभोवती वाघ आणि चालणारी भिंत यांची लोकप्रिय कथा रचली गेली. कथा आणि ग्रंथ हे दोन्ही सिद्धींना कमी लेखतात असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते हा समज अर्धाच खरा आहे. कथा सिद्धींची प्रतवारी लावते. ग्रंथ त्या प्रतवारीची गरजच संपवतो. हा फरक कसा पडतो, ते पाहू.

१. सूत्रातील इशारा नेमका कोठे आहे?

योगसूत्रांत सिद्धी कशा येतात याची प्रक्रिया स्पष्ट आहे. एकाच विषयावर धारणा, ध्यान आणि समाधी या तिन्हींचा प्रयोग केला की त्याला ‘संयम’ म्हणतात. संयमाचा विषय बदलला की फळ बदलते. सूर्यावर संयम केला तर भुवनांचे ज्ञान, नाभिचक्रावर केला तर शरीररचनेचे ज्ञान, कंठकूपावर केला तर तहानभुकेची निवृत्ती. म्हणजे सिद्धी ही कोणाची कृपा किंवा चमत्कार म्हणून येत नाही. एकाग्रतेचा तो परिणाम मानलेला आहे.

इशारा येतो तो प्रचलित प्रतींतील ३७ व्या सूत्रात (काही आवृत्त्यांत हा क्रमांक एकाने मागेपुढे होतो). सूत्राचा आशय असा : हे सारे समाधीच्या दृष्टीने उपसर्ग आहेत; ज्याचे चित्त बाहेर वळलेले आहे, त्याच्या दृष्टीने मात्र त्या सिद्धी आहेत. ‘उपसर्ग’ हा शब्द मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कोणाचा ‘उपसर्ग पोहोचला’ असे आपण आजही त्रासाच्या अर्थाने म्हणतो.

येथे दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत. पहिली गोष्ट म्हणजे हे सूत्र यादीच्या शेवटी नाही, मध्ये आहे. त्याच्या आधीच्या सूत्रात दिव्य श्रवण, दिव्य दर्शन अशा अनुभवांचा उल्लेख आहे. ‘हे सारे’ म्हणजे फक्त तेवढेच अनुभव की सगळ्या सिद्धी, असा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. इशाऱ्यानंतरही परकायाप्रवेश, पाण्यावरून चालणे, आकाशगमन या मोठ्या सिद्धी येतातच. केवळ हे एक सूत्र उचलून ‘पतंजलींनी सिद्धी नाकारल्या’ असे म्हणणे म्हणूनच घाईचे होईल. त्यांनी त्या मानल्या आहेत आणि मानूनच त्यांची मर्यादा सांगितली आहे. पुढे, सर्वज्ञतेपर्यंत पोहोचलेल्या योग्याने तिच्याविषयीही वैराग्य धरले तरच कैवल्य मिळते असे सूत्र येते. तेथे संदिग्धता उरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एकच अनुभव उपसर्गही आहे आणि सिद्धीही. तो काय ठरणार हे चित्ताचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावर अवलंबून आहे. योगाचे ध्येय द्रष्टा आणि दृश्य यांचा विवेक हे आहे. सिद्धीमुळे दृश्यावरची सत्ता वाढते. ज्याच्यापासून वेगळे व्हायचे त्याच्यावर सत्ता गाजवण्यात गोडी वाटू लागली, तर सुटण्याऐवजी गाठ घट्ट होते. गुरूंच्या इशाऱ्यामागचे पहिले कारण हे आहे. नीतीपेक्षा ते दिशेविषयी अधिक बोलते.

२. ‘स्मय’ : हसू आणि अभिमान

यापुढील एका सूत्रात आणखी बारीक निरीक्षण आहे. उच्च स्थानांवरील देवतांनी निमंत्रण दिले तर योग्याने संगही करू नये आणि स्मयही करू नये, असे ते सांगते. व्यासभाष्यात या जागी एक छोटे नाट्यच आहे. भाष्यकार योग्यांचे चार स्तर सांगतात आणि हे निमंत्रण दुसऱ्या स्तरावरील, म्हणजे ‘मधुभूमिक’ योग्याला येते असे म्हणतात. नवशिक्याला कोणी बोलावत नाही आणि पार गेलेल्याला बोलावून उपयोग नसतो. धोका मधल्या माणसाला आहे. त्याला भोग, जरामृत्यू टाळणारे रसायन, आकाशात फिरणारे वाहन असे सारे देऊ केले जाते.

संग म्हणजे आसक्ती; ती नको हे कोणालाही कळते. पण ‘स्मय’ का नको? स्मय म्हणजे विस्मय आणि त्यातून येणारा अभिमान. समजा योग्याने सगळे भोग नाकारले, पण नाकारताना मनात म्हटले की बघा, देवसुद्धा माझी विनवणी करतात. भाष्यकाराच्या मते हाही घसरण्याचाच रस्ता आहे, कारण अशा माणसाला आपण सुरक्षित झालो असे वाटू लागते आणि तो सावध राहत नाही. सिद्धी न घेण्याचीही एक सिद्धी होऊ शकते, हे ओळखणारे हे सूत्र आहे. ‘पासष्टी’च्या वाचनात हा शब्द आपल्याला उपयोगी पडेल.

३. वाघ आणि भिंत : कथा काय शिकवते?

आता कथेकडे येऊ. चांगदेव हे मोठे योगी. प्रत्येक वेळी समाधी लावून मृत्यूला चुकवल्यामुळे त्यांचे वय १४०० वर्षे झाले होते, अशी आख्यायिका आहे. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहायला घेतले, पण मायना सुचेना. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने ते थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वयाने कोवळे पोर. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली की इतकी वर्षे जगूनही चांगदेव कोरेच राहिले. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी उत्तर लिहिले, तीच ‘पासष्टी’. पुढे चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन, शिष्यांसह आळंदीला निघाले. ही भावंडे भिंतीवर बसली होती. ज्ञानदेवांनी ती भिंतच चालवत सामोरी नेली. चांगदेवांचा गर्व उतरला आणि पुढे मुक्ताबाई त्यांची गुरू झाली. महिपतीच्या ‘भक्तविजय’ (१७६२) या ग्रंथामुळे अशा संतकथा घरोघरी पोहोचल्या. आळंदीत ती भिंत आजही दाखवली जाते आणि जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचे गावही आहे.

ही कथा सिद्धींच्या विरोधात आहे असे आपण शाळेपासून ऐकतो. नीट पाहिले तर तिचा युक्तिवाद असा आहे : जिवंत प्राण्याला चालवणे मोठे, पण निर्जीवाला चालवणे त्याहून मोठे. म्हणजे एका सिद्धीचा पराभव दुसऱ्या, वरचढ सिद्धीने झाला. वजनकाटा तोच राहिला, फक्त पारडे फिरले. चांगदेव हरले ते त्यांची कसोटी चुकीची होती म्हणून हरले नाहीत. त्याच कसोटीवर त्यांना कमी गुण पडले. ऐकणाऱ्याच्या मनात शेवटी जे चित्र उरते, ते चालणाऱ्या भिंतीचे असते.

हा साचा केवळ मराठी नाही. अनातोलियातील सुफी संत हाजी बेक्ताश यांच्याविषयी अशीच कथा सांगितली जाते. तेथेही सिंहावर स्वार होऊन सापाचा चाबूक घेतलेला पाहुणा येतो आणि यजमान भिंतीवर किंवा खडकावर बसून सामोरा जातो. भारतातील सुफी परंपरेतही हा प्रकार आढळतो. इतिहासकार सायमन डिग्बी यांनी वाघावर बसावे की भिंतीवर, असा प्रश्न शीर्षकात घेऊन या कथांवर लेख लिहिला आहे. दोन अधिकारी पुरुष भेटले की मोठा कोण हे ठरवण्याचा हा एक फिरता साचा आहे, हे त्यावरून कळते. तो एका व्यक्तीच्या चरित्रातील घटना म्हणून वाचण्यापेक्षा प्रतिष्ठेची भाषा म्हणून वाचणे योग्य ठरते.

तरी कथेत एक जागा खरोखर मोलाची आहे आणि ती भिंतीपाशी नाही, कोऱ्या पत्रापाशी आहे. काळाला चुकवणाऱ्या योग्याला पत्राचा मायना सुचत नाही. का? समोरचा आपल्याहून वर की खाली, हे ठरल्याशिवाय त्याला बोलताच येत नाही. व्यासभाष्यातील ‘स्मय’ येथे एका घरगुती प्रसंगात उतरला आहे. सिद्धींनी चांगदेवांना वाघावर बसवले, पण समोरच्या माणसाशी सरळ बोलण्याची मोकळीक दिली नाही. भिंतीची कथा विसरली तरी चालेल. कोरा कागद लक्षात ठेवावा.

४. ‘पासष्टी’ काय करते?

आता मूळ ग्रंथ उघडू. त्यात वाघ, साप, भिंत नाही. १४०० वर्षे नाहीत. चांगदेवांच्या सिद्धींची स्तुती नाही आणि निंदाही नाही. ज्याच्याकडे सिद्धींखेरीज दुसरी ओळख नाही अशा माणसाला पत्र लिहिताना त्यांचा उल्लेखच करू नये, ही ‘पासष्टी’तील पहिली आणि सर्वांत ठळक गोष्ट आहे.

पत्राची सुरुवात रीतीप्रमाणे ‘स्वस्ति’ने होते. हे ‘स्वस्ति’ चांगदेवांना उद्देशून नाही. ते वटेशाला, म्हणजे चांगदेवांच्या उपास्य तत्त्वाला आहे. लपून राहिले की जगाचा आभास दाखवणारे आणि प्रगट झाले की तो आभास गिळणारे तत्त्व, असे त्याचे वर्णन येते. मायन्याची अडचण येथे पहिल्याच ओवीत सुटते. वडील की धाकटा हा प्रश्न ज्या जागी उरत नाही, तेथूनच पत्र सुरू केले आहे. पुढे चांगदेवांना हाक मारायची वेळ येते तेव्हा ‘चांगया’ असा सलगीचा शब्द येतो आणि एका ठिकाणी ‘सखया’ही. कोवळ्या वयाचा लेखक परंपरेने वृद्ध मानलेल्या योग्याला सखा म्हणतो. त्यात उद्धटपणा वाटत नाही, कारण त्याआधी तू वटेश्वराचा पुत्र आहेस, जसा कापराचा कण कापूरच असतो, असे सांगून झालेले आहे. कण लहान असेल, पण कापूरपणात तो कमी नसतो.

ग्रंथाचा मुख्य भाग द्रष्टा, दृश्य आणि दर्शन या त्रिपुटीचा आहे. सोने आणि दागिना, पाणी आणि लाट, मुख आणि आरसा अशा दाखल्यांतून ज्ञानदेव एकच मुद्दा फिरवून मांडतात : पाहणारा आणि पाहिले जाणारे हे एकाच वस्तूचे उमटणे आहे. याचा सिद्धींशी संबंध काय? संबंध थेट आहे. सिद्धी म्हणजे कशावर तरी चालणारी सत्ता. सत्ता चालवायला एक चालवणारा आणि एक वेगळी वस्तू लागते. ती वस्तू वेगळी नाहीच असे कळले, तर सत्ता कोणावर गाजवायची? लाटेने पाण्यावर हुकूम चालवावा, असा तो प्रकार होईल.

पतंजली आणि ज्ञानदेव यांचा इशारा वरून सारखा दिसला तरी त्यामागची कारणे वेगळी आहेत, ते येथे ध्यानात घ्यावे. पतंजलींच्या मते द्रष्टा आणि दृश्य मुळात दोन आहेत आणि त्यांची सरमिसळ हा दोष आहे. सिद्धी ती सरमिसळ वाढवते. ज्ञानदेवांच्या मते ते मुळात दोन नाहीतच आणि वेगळेपणाचा समज हा दोष आहे. सिद्धी तो समज पक्का करते. परीक्षेत ‘सर्व आचार्य सिद्धींचा निषेध करतात’ एवढेच लिहून थांबणारा विद्यार्थी नेमका हा फरक गमावतो.

शेवटाकडे भेटीचा विषय येतो आणि येथे भाषेची एक सुंदर जागा आहे. तुला भेटावे अशी इच्छा मनात उठते, पण त्यामुळे ‘सिद्धभेटी’ बिघडेल की काय अशी भीती वाटते, असे ज्ञानदेव म्हणतात. येथे ‘सिद्ध’ म्हणजे आधीच पूर्ण असलेली. ज्या शब्दावर चांगदेवांची सारी प्रतिष्ठा उभी आहे, तोच शब्द ज्ञानदेव वापरतात, पण मिळवण्याच्या अर्थाने नव्हे. मुळातच असलेल्याच्या अर्थाने. याच ओघात मिठाचा दाखला येतो. पाण्याची खोली मोजायला मीठ आत गेले आणि तेच उरले नाही, मग मोजणार कोण? भिंतीच्या कथेत मोजमाप शेवटपर्यंत चालते. येथे मोजणाराच विरघळतो.

समारोपात ज्ञानदेव स्वतःला आणि चांगदेवांना समोरासमोर ठेवलेल्या दोन डोळस आरशांची उपमा देतात. दोन आरशांत मूळ कोणता आणि प्रतिबिंब कोणते? हा प्रश्न विचारता येत नाही, तसाच गुरू कोण आणि शिष्य कोण हाही विचारता येत नाही. आपला विजय झाला असे सुचवणारा एकही शब्द पत्रात नाही. म्हणजे ‘स्मय’ केवळ उपदेशात टाळलेला नाही, लिहिण्याच्या पद्धतीतही टाळला आहे.

५. एक आक्षेप

येथे कोणी म्हणेल की ज्ञानदेवांना योगसिद्धी मान्यच नव्हत्या, म्हणून त्या पत्रात नाहीत. हा आक्षेप टिकत नाही. ते नाथपरंपरेतले होते आणि १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात त्यांनी कुंडलिनीच्या जागृतीचे अतिशय विस्ताराने वर्णन केले आहे. त्या ओघात सिद्धींचाही उल्लेख येतो : समुद्रापलीकडचे दिसणे, स्वर्गातला विचार ऐकू येणे, मुंगीचे मनोगत कळणे, वाऱ्यावर चढणे, पाण्याला पाय न लागता चालणे. पण हे सारे दोन ओव्यांत उरकते. अशा अनेक सिद्धी प्रसंगाने येतात, एवढे सांगून निवेदन लगेच प्राणाच्या पुढील वाटचालीकडे वळते. वाटेत लागणाऱ्या गावाचे नाव सांगावे आणि गाडी न थांबवता पुढे जावे, तसे हे आहे. प्रमाण हीच येथे टीका आहे.

चरित्रपरंपरा मात्र रेड्यामुखी वेद वदवण्यापासून भिंत चालवण्यापर्यंत चमत्कार ज्ञानदेवांच्याच नावावर जमा करते. संतांचे चमत्कार लोकांच्या उपयोगासाठी असतात, प्रदर्शनासाठी नसतात, असा त्याचा बचाव केला जातो. तो ऐकण्यासारखा आहे. पण भिंतीच्या कथेला तो लागू पडत नाही, कारण तेथे कोणाची अडचण दूर होत नाही. समोरच्याला फक्त गप्प केले जाते.

६. दिल्लीतील एक प्रयोग

प्रदर्शन आणि साधना यांतील अंतर दाखवणारे आधुनिक उदाहरण दिल्लीत सापडते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील संशोधक वेंगर आणि बागची यांनी, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. बी. के. आनंद यांच्यासह, हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्या योगाभ्यासींची तपासणी केली. निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. मनगटावरची नाडी लागेनाशी होत होती आणि हृदयाचे ठोकेही ऐकू येत नव्हते. पण हृदयाच्या विद्युत आलेखात हृदय चालूच होते. श्वास रोखून, कंठ बंद करून, छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि नाडी क्षीण होते. हृदयाचा वेग मंद करणे मात्र एकाला जमले होते.

यात फसवणूकच असते असे मानण्याचे कारण नाही. स्वतः करणाऱ्यालाही हृदय थांबले असे वाटू शकते. मुद्दा वेगळा आहे. नाडी पाहणाऱ्याचे बोट काय सांगते यावर दावा उभा होता आणि अचूक यंत्र येताच तो बदलला. दावा खरा ठरला असता, तरी सूत्राचा प्रश्न शिल्लकच राहिला असता : हृदय थांबवणाऱ्याचे चित्त कोणत्या दिशेला आहे? भिंतीच्या कथेतले प्रेक्षक आणि प्रयोगशाळेतले यंत्र हे दोघेही या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाहीत. गुरूंचा इशारा ज्या गोष्टीविषयी आहे ती बाहेरून मोजता येत नाही, म्हणूनच तो साधकाला स्वतःपुरता सांगावा लागतो.

समारोप

‘पासष्टी’च्या अखेरीस ज्ञानदेव म्हणतात की जो या ओव्यांचा आरसा करील, त्याला आत्मसुख भेटेल. पत्राचा विषय चांगदेव उरत नाही, वाचणारा होतो. सिद्धींवरचे हे उत्तर वादाचे नाही. ते सिद्धींना खोटे म्हणत नाही, त्यांच्याहून मोठा चमत्कारही दाखवत नाही. मोठे-लहान ठरवल्याशिवाय ज्याला मायना लिहिता येत नाही, त्याला ते मायन्यापासून मोकळे करते. समीक्षक म्हणून मला भिंतीची कथा या पत्रावरचे दुबळे भाष्य वाटते. तिने पत्र लोकांपर्यंत पोहोचवले आणि त्यातला मुद्दा वाटेत हरवला.

विचारासाठी प्रश्न

१. सिद्धींविषयीचा इशारा विभूतिपादाच्या शेवटी न येता मध्ये येतो. त्यामुळे त्याच्या अर्थात काय फरक पडतो?
२. ‘संग’ टाळूनही ‘स्मय’ उरू शकतो, हे कोऱ्या पत्राच्या प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
३. पतंजली आणि ज्ञानदेव यांच्या इशाऱ्यामागील कारणांत कोणता भेद आहे?
४. आपल्या भाषेतील एखादी चमत्कारकथा घ्या. ती सिद्धींची प्रतवारी लावते की त्या प्रतवारीपलीकडे जाते, ते तपासा.